टायटल आपोआप का सरकतं? टाइमलाइनपासून कीफ्रेमपर्यंत

एडिटिंग ॲपमध्ये खाली दिसणारी आडवी पट्टी म्हणजे टाइमलाइन. तिच्यावरच्या रांगा म्हणजे ट्रॅक: एकात व्हिडिओ, दुसऱ्यात गाणं, तिसऱ्यात टायटल. चित्रावर चित्र ठेवलं की लेयर होतात आणि वरचा लेयर खालच्याला झाकतो. दोन क्लिपच्या सांध्यावर जो इफेक्ट टाकतो, तो ट्रान्झिशन. इथपर्यंत सोपं आहे. खरा गोंधळ कीफ्रेमपाशी होतो.

कीफ्रेम म्हणजे ‘या क्षणी ही वस्तू इथे असेल’ अशी नोंद. बहुतेक ॲपमध्ये तिची खूण हिऱ्याच्या आकाराची असते. समजा, व्हिडिओ ३० एफपीएसचा आहे आणि टायटल डावीकडून ६०० पिक्सेल सरकत मध्ये यायला हवं. पहिल्या हिऱ्यावर टायटल बाहेर ठेवा, १५ फ्रेम पुढे दुसरा हिरा टाकून ते मध्ये आणा. मधलं गणित ॲप करतं: दर फ्रेमला ४० पिक्सेल. (आम्ही कोडवाले याला इंटरपोलेशन म्हणतो.) एकच हिरा असेल तर काहीच हलणार नाही.

आता चौथ्या सेकंदाला तुम्ही टायटल जरा वर उचललंत. बऱ्याच ॲपमध्ये तिथे गुपचूप तिसरा हिरा पडतो, आणि टायटल स्थिर राहायचं सोडून हळूहळू वर सरकत राहतं. मला तर दर दुसऱ्या नवख्याच्या रीलमध्ये हे दिसतं. असं झालं तर टायटलची क्लिप निवडा, जास्तीचा हिरा शोधून डिलीट करा. मग प्लेहेड बरोबर दुसऱ्या हिऱ्यावर नेऊन तिथेच जागा बदला.