पोर्टेबल मॉनिटर जोडला, पण स्क्रीन काळीच?

लॅपटॉपला मॉनिटर जोडला, दिवा लागला, पण स्क्रीनवर ‘No Signal’? आधी केबल बदलून पाहा. फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल बहुतेकदा यूएसबी २.० ची असते. ती वीज नेते, चित्र नाही. दिसायला सगळ्या सारख्याच, हीच गोची! मॉनिटरच्या खोक्यातली केबल लावूनही चित्र येत नसेल, तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमध्ये बहुधा डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड नाही. मग चित्रासाठी एचडीएमआय आणि विजेसाठी वेगळी केबल लागेल.

चित्र येतं, पण ब्राइटनेस वाढवताच मॉनिटर बंद पडतो? मग वीज कमी पडतेय. १५.६ इंची मॉनिटर साधारण ८ ते १० वॅट घेतो. काही लॅपटॉपचा पोर्ट मात्र ५ व्होल्टला १.५ अँपिअर, म्हणजे ७.५ वॅटच देतो. मॉनिटरच्या दुसऱ्या टाइप-सी पोर्टला चार्जर लावा. त्यानंतर तो बंद पडायचा थांबला, तर केबल ठीकच होती.