रास्कोब यांचे पंधरा डॉलर: टप्प्याटप्प्याची खरेदी आणि सरासरी भाव (१९२९–१९३६)

ऑगस्ट १९२९ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकन मासिकात जॉन रास्कोब यांची एक मुलाखत प्रसिद्ध झाली. रास्कोब हे जनरल मोटर्सच्या अर्थव्यवहारातील प्रमुख व्यक्ती आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे तत्कालीन अध्यक्ष. प्रत्येकाने श्रीमंत व्हावे असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी सांगितलेला मार्ग साधा होता. दरमहा १५ डॉलर चांगल्या कंपन्यांच्या समभागांत गुंतवावेत, लाभांश पुन्हा त्यातच घालावा, म्हणजे २० वर्षांत किमान ८०,००० डॉलर जमतील. ही मुलाखत वाचकांच्या हाती पडल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ३ सप्टेंबर रोजी, डाऊ जोन्स औद्योगिक निर्देशांकाने ३८१.१७ ही पातळी गाठली. त्यानंतर जी घसरण झाली ती ८ जुलै १९३२ रोजी ४१.२२ वर थांबली.

रास्कोब यांचे नाव पुढे उपहासानेच घेतले गेले. मात्र बेंजामिन ग्रॅहॅम यांनी ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या ग्रंथात हा हिशोब शांतपणे मांडला, तेव्हा निष्कर्ष थोडा निराळा निघाला. १९२९ पासून १९४८ अखेरपर्यंत दरमहा १५ डॉलर गुंतवणाऱ्याचे ३,६०० डॉलर सुमारे ८,५०० झाले असते. हे ८०,०००च्या जवळपासही नाही. तरीही वार्षिक परतावा ८ टक्क्यांहून अधिक पडतो. निर्देशांक सुरुवातीला ३००च्या वर आणि अखेरीस १७७ वर असताना हे कसे घडले, हा येथील मूळ प्रश्न आहे.

त्याचे उत्तर सरासरीच्या गणितात आहे. समजा, एक वस्तू एकदा १०० ला आणि एकदा ५० ला मिळते. दोन्ही वेळा १,००० रुपये खर्च केल्यास पहिल्या खेपेस १० आणि दुसऱ्या खेपेस २० नग हाती येतात. एकूण ३० नगांना २,००० रुपये पडले, म्हणजे नगामागे ६६.६७. दोन भावांचा साधा मध्य मात्र ७५ आहे. रक्कम समान ठेवल्यामुळे स्वस्त भावात आपोआप अधिक नग येतात आणि सरासरी खालच्या भावाकडे झुकते. गणितात यास हरात्मक मध्य म्हणतात. दोन्ही वेळा समान नग घेतले असते तर सरासरी ७५ च राहिली असती. लाभ केवळ ‘टप्प्यांचा’ नसून ‘समान रकमेच्या टप्प्यांचा’ आहे. ग्रंथांतूनही हा फरक अनेकदा निसटतो.

हेच गणित १९२९ च्या घसरणीवर लावून पाहता येते. निर्देशांकालाच एक नग मानू आणि लाभांश बाजूस ठेवू. एका गुंतवणूकदाराने ५,००० डॉलर ३ सप्टेंबर १९२९ रोजी एकरकमी गुंतवले, त्यास १३.१२ नग मिळाले. दुसऱ्याने त्याच दिवशी केवळ १,००० डॉलर गुंतवले आणि उरलेले चार हप्ते १९२९ ते १९३२ या प्रत्येक वर्षाच्या अखेरच्या भावाने भरले. ते भाव अनुक्रमे २४८.४८, १६४.५८, ७७.९० आणि ५९.९३ असे होते. त्याच्याकडे ४२.२५ नग जमले आणि सरासरी भाव ११८.३५ पडला, पाच भावांचा साधा मध्य १८६.४१ आहे. १९३५ अखेरीस निर्देशांक १४४.१३ झाला, तेव्हा दुसऱ्याचे ५,००० चे सुमारे ६,०९० डॉलर झाले होते. पहिल्याकडे सुमारे १,८९० उरले होते. त्याला आपला खरेदीभाव पुन्हा दिसण्यास नोव्हेंबर १९५४ उजाडावा लागला.

येथेच थांबल्यास निष्कर्ष भ्रामक ठरेल. तेच पाच हप्ते १९३२ अखेरीस सुरू केले असते तर भाव ५९.९३, ९९.९०, १०४.०४, १४४.१३ आणि १७९.९० असे लागले असते. हप्त्यांच्या खरेदीची सरासरी १०२.४५ येते. भावांच्या साध्या मध्यापेक्षा, म्हणजे ११७.५८ पेक्षा, ती याही वेळी कमीच आहे. परंतु एकरकमी खरेदी करणाऱ्याचा भाव ५९.९३ होता. १९३६ अखेरीस त्याचे ५,००० डॉलर सुमारे १५,०१० झाले, तर हप्त्याने घेणाऱ्याचे सुमारे ८,७८०. सरासरी भाव साध्या मध्याहून कमी असणे ही अंकगणिताची अपरिहार्य बाब आहे. भाव चढो वा उतरो, ती घडतेच. तिच्यावरून हप्त्याची खरेदी अधिक लाभदायक होती असे सिद्ध होत नाही. तुलना पहिल्या दिवशीच्या भावाशी करावयास हवी, आणि ती बाजाराच्या दिशेवर अवलंबून असते. जॉर्ज कॉन्स्टँटिनिडीस यांनी १९७९ मध्ये या पद्धतीच्या इष्टतमतेस सैद्धांतिक आक्षेप घेतला. व्हॅनगार्डच्या २०१२ च्या अभ्यासात अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील जुन्या आकडेवारीत सुमारे दोनतृतीयांश वेळा एकरकमी गुंतवणूक सरस ठरली. बाजार बहुतेक काळ चढतो, म्हणून थांबलेली रक्कम बहुधा महाग भावाने आत जाते.

सट्टेवाल्यांची परंपरा याहून अगदी उलट होती. जेसी लिव्हरमोर यांनी ‘हाऊ टू ट्रेड इन स्टॉक्स’ (१९४०) मध्ये पुढची प्रत्येक खरेदी आधीच्यापेक्षा वरच्या भावानेच करावी, पडत्या भावात सरासरी खाली आणू नये, असे सांगितले. या रीतीची किंमतही सरासरीतच दिसते. १००, १०५ आणि ११० या भावांनी समान नग घेतल्यास सरासरी १०५ होते. भाव ११० वरून साडेचार टक्के उतरताच नफा संपतो. सर्व नग १०० ला घेतले असते तर नऊ टक्क्यांची घसरण सोसली असती. मात्र पहिलीच खरेदी चुकली तर पूर्ण रक्कम अडकत नाही. लिव्हरमोर यांचा भर नेमका यावर होता. त्यांना स्वस्त सरासरी नको होती, आपला अंदाज बरोबर असल्याचा पुरावा हवा होता.

पगारदार माणसासमोर मात्र ही निवड बहुधा नसतेच. महिन्याच्या पगारातून बाजूला पडणारी रक्कम एकरकमी हाती नव्हतीच; भारतातील ‘एसआयपी’ हप्ता हा त्याच जातीचा आहे. एकरकमी की टप्प्याने हा प्रश्न निवृत्तीचे पैसे किंवा जमीनविक्रीची रक्कम हाती आल्यावर उद्भवतो. तसेच वरील हिशोब निर्देशांकाचा आहे. एखाद्याच कंपनीचा समभाग पडत असताना सरासरी खाली आणत गेल्यास तो पुन्हा वर येईलच असे नाही, आणि सरासरी कितीही खाली आणली तरी बुडालेल्या कंपनीचा भाव तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

घसरणीच्या उदाहरणातील आणखी एक गोष्ट आकड्यांत दडलेली आहे. ४२.२५ नगांपैकी जवळजवळ सत्तर टक्के शेवटच्या दोन हप्त्यांत, म्हणजे १९३१ आणि १९३२ च्या अखेरीस आले. त्या काळात अमेरिकेत बँका बुडत होत्या आणि १९३३ पर्यंत सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार झाले होते. बचत आधीच संपलेल्या किंवा धीर सुटलेल्या माणसाने तिसऱ्या हप्त्यानंतर खरेदी थांबवली असती तर त्याची सरासरी २३५.७७ राहिली असती. १९३५ अखेरीस त्याच्या ३,००० डॉलरांपैकी सुमारे १,८३४ उरले असते.