परतीचा नंबर

पंचकार्डावर रकाने ८०, पण १९५७ सालच्या फोर्ट्रानला त्यांतले पहिले ७२च दिसत. आयबीएम ७०४ या संगणकाचा कार्डवाचक कार्डाच्या एका ओळीतून छत्तीस-छत्तीस बिटांचे दोन शब्द उचलायचा आणि तिथेच थांबायचा. उरलेल्या ७३ ते ८० या आठ रकान्यांत प्रोग्रामर मंडळी कार्डाचा क्रमांक टोचून ठेवू लागली. तोही १०, २०, ३० असा, म्हणजे पुढेमागे मधे एखादं कार्ड घालायला जागा राहावी. गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला, तर तो सॉर्टर यंत्रातून फिरवायचा आणि पुन्हा ओळीने लावायचा.

रात्रीच्या बॅचमधल्या प्रत्येक नोंदीला आज जो कोरिलेशन आयडी चिकटवतात, त्याचा मूळपुरुष म्हणून हा क्रमांक दाखवायचा मोह होतो. मला मात्र तो लांबचा नातलग वाटतो. गठ्ठ्यात आपली जागा कोणती, एवढंच तो जाणतो. पुढच्या यंत्राने आपलं काय केलं, हे विचारायची सोय त्याच्यात नाही. ती सोय जिथे खरोखर आली, ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या बँकांचं क्लिअरिंग.

१९६८ साली कॅलिफोर्नियातल्या बँकांनी चेकच्या वाढत्या ढिगाऱ्यावर उपाय शोधायला एक समिती नेमली. तिच्या कामातून १९७२ साली तिथलं पहिलं ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस, म्हणजे एसीएच, उभं राहिलं. अशी प्रादेशिक घरं इतरत्रही निघाली आणि १९७४ साली त्यांची देशव्यापी संघटना ‘नाचा’ स्थापन झाली. कंपनीने पगाराची फाइल आपल्या बँकेला द्यायची, बँकेने ती क्लिअरिंग हाउसला, क्लिअरिंग हाउसने नोंदी ज्या त्या बँकेच्या गठ्ठ्यात लावून पुढे पाठवायच्या, असा हा प्रवास. नोंद निघते एका गठ्ठ्यातून आणि पोचते भलत्याच गठ्ठ्यातून. कार्डाचा जुना अनुक्रमांक इथे पहिल्याच मुक्कामी निकामी होतो.

हिशेब जुळतो की नाही हे पाहायची जुनी रीत बेरजेची. फाइलच्या शेवटी नोंदी किती आणि एकूण रक्कम किती, हे लिहायचं. एसीएचच्या फाइलीत आणखी एक गंमतीदार बेरीज असते. प्रत्येक नोंदीतल्या, ती नोंद घेणाऱ्या बँकेच्या क्रमांकाचे पहिले आठ अंक सरळ मिळवत जायचं आणि बेरीज दहा अंकांपेक्षा मोठी झाली तर डावीकडचे अंक सोडून द्यायचे. या संख्येला स्वतःचा काही अर्थ नाही. वाटेत एखादी नोंद गळली किंवा बँकेचा आकडा बिघडला, तर दोन टोकांच्या बेरजा जुळत नाहीत, एवढाच तिचा उपयोग. पण बेरीज फार तर काहीतरी चुकलं म्हणते. कुठली नोंद चुकली हे ती कधीच सांगत नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीला ट्रेस नंबर आला. एसीएचची ओळ ९४ अक्षरांची असते आणि नोंदीच्या ओळीतली शेवटची पंधरा अक्षरं, ८० ते ९४, या नंबराची. त्यांतले पहिले आठ अंक नोंद पाठवणाऱ्या बँकेचे, पुढचे सात त्या बँकेने चढत्या क्रमाने दिलेले. बँक ओळखायचे अंक नवे शोधावे लागले नाहीत, कारण अमेरिकी बँकांना असे क्रमांक द्यायची पद्धत १९१० पासून चालत आलेली होती. या रचनेत शहाणपण आहे. देशभर एकच नंबरवाटप कचेरी लागत नाही. प्रत्येक बँक आपापल्या जागी बसून नंबर देते आणि पहिले आठ अंक वेगळे असल्यामुळे दोन बँकांचे नंबर एकमेकांत मिसळत नाहीत.

तरी खरी करामत जाताना नव्हे, येताना दिसते. समजा, एका कंपनीने पाच जणांचा पगार पाठवला. बँकेचे आठ अंक 12345678 धरू (हे बनावट आहेत), म्हणजे नोंदींचे नंबर 123456780000001 पासून 123456780000005 पर्यंत झाले. तिसऱ्या माणसाने खातं बंद केलंय. त्याच्या बँकेला ही नोंद परत पाठवायची आहे आणि त्यासाठी नियमाने तिच्या हाती हिशेब झाल्याच्या दिवसानंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंतचा वेळ आहे. तोवर पहिल्या बँकेतून आणखी एक-दोन रात्रींच्या फाइली निघून गेलेल्या असतात. परतीच्या नोंदीसोबत जी जोडओळ येते, ती अशी:

```
799R02123456780000003      98765432                                            987654320000118
```

सुरुवातीचा 799 सांगतो की ही परतीची जोडओळ आहे. R02 म्हणजे खातं बंद. त्याला लागून, सातव्या ते एकविसाव्या जागेत, आपण दिलेला मूळ नंबर जसाच्या तसा आहे. आणि ओळीच्या शेवटी परत पाठवणाऱ्या बँकेने या परतीच्या प्रवासासाठी दिलेला तिचा स्वतःचा नंबर. एका ओळीत दोन नंबर. एक ‘मी कोण’ सांगतो, दुसरा ‘मी कोणाचं उत्तर’ ते सांगतो. कोरिलेशन आयडीचं सगळं मर्म मला या ओळीत दिसतं. नंबर किती लांब, कसा बनवला, हा दुय्यम भाग. तुमचा नंबर समोरच्याने न बदलता परत द्यायचा आणि स्वतःचा वेगळा ठेवायचा, हा करार महत्त्वाचा.

कराराला मर्यादाही आहे. ट्रेस नंबर जन्मभर एकमेव नसतो. नियमानुसार फाइलची तारीख, फाइलवरचं ओळखीचं अक्षर, बॅचचा क्रमांक आणि ट्रेस नंबर हे चारही मिळून नोंद नक्की होते. पुष्कळ बँका सात अंकांची मोजणी रोज नव्याने सुरू करतात. मग परतीची नोंद नुसत्या ट्रेस नंबरावर जुळवली, तर ती कालच्याऐवजी परवाच्या माणसाला जाऊन चिकटते. हे ओळखायची खूण सोपी आहे. परतीच्या नोंदीत मूळ रक्कम आणि खाते क्रमांकही असतात. नंबर जुळला आणि रक्कम जुळली नाही, म्हणजे तुम्ही भलत्या दिवसाच्या फाइलीत शोधताय.

यापेक्षा वाईट घोटाळा बॅच मध्यरात्री कोसळते तेव्हा होतो. दहा हजारांपैकी सहा हजार नोंदी झाल्या, मशीन बंद पडलं, ऑपरेटरने बॅच पुन्हा सुरू केली. नंबर जर चालू धावेत मोजून दिले जात असतील, तर सहा हजार एकावी नोंद या धावेत पहिली होते आणि तिला एका वेगळ्याच नोंदीचा नंबर मिळतो. पहाटे लॉग उघडणाऱ्याला एकाच नंबराखाली दोन माणसं दिसतात. म्हणून नोंद दारातून आत येते तेव्हाच तिला नंबर द्यायचा, धाव सुरू होताना नाही. धावेला तिचा निराळा क्रमांक. पुन्हा चालवलं तर धावेचा क्रमांक बदलतो, नोंदीचा तोच राहतो. मग अमुक पगार किती वेळा उचलला गेला, हे दोन नंबर शेजारी ठेवले की कळतं.

बँकांच्या फाइलींतली ही जोडी पुढे सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्येही दिसते. थेट वंशज की वेगळं घराणं, या वादात मी पडत नाही. नाक मात्र एकाच घरातलं आहे. १९९३ साली आयबीएमने एमक्यूसिरीज आणलं. एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रामसाठी निरोप रांगेत ठेवतो, तो घेणारा सवडीने उचलतो, असं ते काम. प्रत्येक निरोपाच्या माथ्यावर चोवीस बाइटांचे दोन खण होते, `MsgId` आणि `CorrelId`. उत्तर देणाऱ्याने विचारणाऱ्याचा `MsgId` उचलून आपल्या `CorrelId` मध्ये ठेवायचा, अशी तिथली रूढ चाल. परतीच्या ओळीतले दोन नंबर इथे नावानिशी बसलेले दिसतात. २००३ साली ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांच्या पुस्तकात ‘कोरिलेशन आयडेंटिफायर’ ही स्वतंत्र रचना म्हणून नोंदली गेली आणि ते नाव सर्वतोमुखी झालं.

लॉगमध्ये हा नंबर प्रत्येक ओळीवर आपोआप उमटावा, म्हणून जावावाल्यांनी एमडीसी नावाची सोय काढली. चालू थ्रेडच्या खिशात नंबर ठेवायचा आणि लॉग लिहिणाऱ्याने तो तिथून घ्यायचा. सोय झकास, पण थ्रेड पुन्हापुन्हा वापरले जातात. काम संपल्यावर खिसा रिकामा करायला विसरलं, तर आधीच्या नोंदीचा नंबर पुढच्या नोंदीच्या ओळींवर उमटत राहतो. नंबर अजिबात नसण्यापेक्षा हे घातक, कारण चुकीचा नंबर खरा वाटतो. अशा लॉगमध्ये एका नंबराखाली दोन निरनिराळ्या खात्यांच्या ओळी सापडतात, आणि तीच त्याची ओळख.

२०१० साली गूगलने ‘डॅपर’ या आपल्या माग काढण्याच्या व्यवस्थेवर निबंध काढला. त्यांच्या पहिल्या आवृत्तीत १,०२४ विनंत्यांपैकी एकीचाच माग ठेवला जाई. शोधयंत्र नेमकं कुठे रेंगाळतं एवढंच पाहायचं असेल, तर तेवढं पुरतं. पगाराच्या बॅचला नाही. ज्याचा पगार आला नाही, त्याला तुम्ही उरलेल्या १,०२३ मध्ये होता असं सांगता येत नाही. म्हणून वेबवाल्यांचं तंत्र बॅचमध्ये आणताना हे नमुना घेणं आधी बंद करावं लागतं.

दुसरी अडचण बॅचची खास आहे. वेबवरची विनंती फांद्यांसारखी फुटत जाते, त्यामुळे मूळ नंबर खाली वाटत गेलं की भागतं. बॅचमध्ये उलटंही होतं. पाचशे नोंदी मिळून खतावणीत एकच एकत्रित रक्कम पडते. त्या एका ओळीवर पाचशे नंबर कसे लिहिणार? तिथे एकत्रित ओळीला नवा नंबर द्यायचा आणि कोणते पाचशे त्यात मिसळले, याची जोडयादी वेगळी जपायची. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त माग तुटतात ते याच सांध्यावर, कारण जोडयादी हा कोणालाच आपल्या कामाचा भाग वाटत नाही.

आपल्याकडे याच कुळातला नंबर तुमच्या मोबाइलवर येतो. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनईएफटी सुरू केलं. तेही बॅचनेच चालतं. १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र, दर अर्ध्या तासाला एक. त्यातल्या प्रत्येक व्यवहाराला सोळा अक्षरांचा यूटीआर असतो, आरटीजीएसला बावीस अक्षरांचा. पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर शाखेत रक्कम आणि तारीख सांगत बसू नका. तेवढ्याच रकमेचे त्या दिवशी पुष्कळ व्यवहार झालेले असतात. आपल्या बँकेकडून यूटीआर लिहून घ्या, तो समोरच्याच्या बँकेत द्यायला सांगा, आणि पैसे परत आले तर परतीच्या नोंदीत तोच मूळ यूटीआर दिसतो का, हे पासबुकात पाहून घ्या.