प्रश्नावली-मागणी, अपूर्ण

प्रश्नावली तयार करून देण्याची अशी मागणी, जिच्यात विषय आणि बहुधा प्रश्नांची संख्या सांगितलेली असते. मात्र प्रश्न कोणाला विचारायचे, उत्तरांवरून काय ठरवायचे आणि उत्तरांच्या सारण्या कशा करायच्या, हे सांगितलेले नसते. अशा मागणीवरून प्रश्न लिहिता येतात, पण ते बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला काहीच आधार नसतो. तिन्ही उणिवांपैकी विश्लेषणाची उणीव सर्वांत उशिरा, म्हणजे अर्ज भरून आल्यावर लक्षात येते आणि तेव्हा ती भरून काढता येत नाही.

उदाहरण : ‘तालुक्यातील पाणीटंचाईवर वीसेक प्रश्नांची प्रश्नावली हवी’ एवढीच मागणी आहे असे समजू. लक्ष्यगट ग्रामसेवकांचा असेल, तर स्वतः भरायचा छापील अर्ज चालतो आणि योजना, विहिरी, टँकरच्या खेपा यांची नोंदवहीतील माहिती विचारता येते. लक्ष्यगट कुटुंबांचा असेल, तर घरी जाऊन भरायची अनुसूची लागते. मग कुटुंबात कोणाला विचारायचे हेही ठरवावे लागते, कारण किती हंडे भरले हे पाणी भरणारीला ठाऊक असते. कुटुंबप्रमुखाचे उत्तर पुष्कळदा अंदाजाचे असते.

उद्देश लोकांचे समाधान जाणण्याचा असेल, तर ‘पाणी पुरेसे मिळते का?’ हा प्रश्न चालेल. टँकर कोणत्या वाडीला आधी द्यायचा हे ठरवायचे असेल, तर तो निरुपयोगी आहे. तेथे लिटर हवेत. जल जीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे प्रमाण माणशी दररोज 55 लिटर आहे. ते मोजपट्टी म्हणून घेतले, तर विश्लेषणाची सारणी आधीच ठरते : वाडीनिहाय, 55 लिटरांपेक्षा कमी पाणी मिळणारी कुटुंबे किती.

ही कोरी सारणी समोर नसताना प्रश्न लिहिणारा सहसा ‘घरात रोज किती पाणी येते?’ असे विचारून 100 ते 200, 200 ते 300 असे गट देतो. पाच माणसांच्या घराने दुसऱ्या गटावर खूण केली, तर माणशी पाणी 40 लिटर असेल किंवा 60 लिटर. घर 55 लिटरांच्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे त्या खुणेवरून कधीच कळणार नाही, मग नमुना कितीही मोठा घ्या. त्याऐवजी काल किती हंडे भरले, हंडा किती लिटरांचा (शक्यतो मापून) आणि काल घरात किती माणसे होती, असे तीन साधे प्रश्न विचारावेत. 15 लिटरांचे 18 हंडे म्हणजे 270 लिटर. सहा माणसांत माणशी 45. भागाकार कार्यालयात करावा, उत्तर देणाऱ्यावर टाकू नये. नळाचे पाणी थेट टाकीत पडते अशा घरांना ही रीत लागू पडत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 55वी फेरी (1999-2000) : उद्देश आणि विश्लेषण यांचा मेळ बसला नाही तर काय होते, याचा भारतातील बराच चर्चिलेला दाखला. अन्नावरील खर्च पूर्वी मागील 30 दिवसांचा विचारला जाई. 51 ते 54 या फेऱ्यांत कुटुंबे यदृच्छेने दोन गटांत विभागून एका गटाला 30 दिवसांचा, तर दुसऱ्याला 7 दिवसांचा खर्च विचारला. 7 दिवसांवरून काढलेला खर्च लक्षणीय जास्त आला. दोन गट वेगळे असल्याने ही तुलना स्वच्छ होती. 55व्या फेरीत मात्र दोन्ही कालावधी एकाच कुटुंबाला, एकाच अनुसूचीत, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. एका रकान्यातील आकडा पाहून दुसऱ्यातील आकडा जुळवला गेला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. दोन्ही अंदाज जवळ आले. दारिद्र्याचे अधिकृत प्रमाण 1993-94 मधील 36 टक्क्यांवरून 26.1 टक्क्यांवर आले. त्यातील खरी घट किती आणि प्रश्नाच्या रचनेमुळे किती, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. कालावधींची परीक्षा आणि जुन्या फेऱ्यांशी तुलना हे दोन्ही उद्देश रास्त होते. एका अनुसूचीत ते एकमेकांच्या आड आले. 2004-05 च्या 61व्या फेरीत अन्नासाठी 7 दिवसांचा रकाना नव्हता.

मागणी आल्यावर : प्रश्न लिहिण्याआधी मागणाऱ्याकडून दोन-तीन कोऱ्या सारण्या आखून घ्याव्यात, आडव्या व उभ्या मथळ्यांसह. मथळे लिहिता आले की लक्ष्यगट आपोआप स्पष्ट होतो. एखाद्या सारणीत आकडा कमी-जास्त निघाला तर कोणता निर्णय बदलेल, असे विचारावे. त्याचे उत्तर नसेल तर ती सारणी आणि तिचे प्रश्न गाळावेत. अशाने विसातले बरेच प्रश्न गळू शकतात.

पूर्वचाचणी : लक्ष्यगटातीलच थोड्या व्यक्तींवर घ्यावी, सहकाऱ्यांवर घेतलेली चालत नाही.