परदेशातला घटस्फोट भारतात चालतो का?

लग्न भारतात, संसार परदेशात आणि घटस्फोटही तिथल्याच कोर्टात. अनेकांना वाटतं, तिथला निकाल हातात आला की विषय संपला. पण भारतातलं कोर्ट तो निकाल आपोआप मान्य करत नाही.

हा नियम स्पष्ट झाला सुप्रीम कोर्टाच्या 1991 च्या 'नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी' या निकालात. या जोडप्याचं लग्न 1975 मध्ये तिरुपतीला हिंदू पद्धतीने झालं होतं. पुढे पतीने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोर्टातून घटस्फोट मिळवला. लग्न आता सावरण्यापलीकडे गेलं आहे, हे त्याने दिलेलं कारण. या कोर्टाला अधिकार नाही, असं पत्नीने लेखी कळवलं. ती तिथे हजर राहिली नाही. 1981 मध्ये पतीने भारतात दुसरं लग्न केलं आणि पत्नीने त्याच्याविरुद्ध फौजदारी तक्रार केली.

सुप्रीम कोर्टाने अमेरिकेतला घटस्फोट मान्य केला नाही. ज्या कायद्याने लग्न झालं, त्याच कायद्यातल्या कारणावर आणि त्या कायद्याने अधिकार दिलेल्या कोर्टातूनच घटस्फोट मिळायला हवा, असं कोर्टाने सांगितलं. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता, सोडून जाणं अशी कारणं आहेत; 'लग्न सावरण्यापलीकडे गेलं' हे कारण नाही.

मग परदेशी निकाल कधी चालतो?

कोर्टाने तीन अपवाद सांगितले. पहिला, दुसरा जोडीदार कायमचा त्याच देशात राहतो आणि घटस्फोटाचं कारण लग्नाच्या कायद्यातलं आहे. दुसरा, तो स्वतःहून त्या कोर्टापुढे आला, बाजू मांडली आणि कारण त्याच कायद्यातलं आहे. तिसरा, दोघांचीही घटस्फोटाला संमती आहे.

म्हणजे नोटीस मिळाली, एवढ्याने निकाल बंधनकारक होत नाही. पण भारतात परतलेल्या जोडीदाराने नोटिशीला काहीच उत्तर न देण्यापेक्षा 'या कोर्टाचा अधिकार मान्य नाही' असं वकिलामार्फत लेखी कळवणं सुरक्षित.

निकाल अमान्य ठरला तर पहिलं लग्न कायम राहतं. त्या स्थितीत दुसरं लग्न केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे शंका असेल तर पुन्हा लग्न करण्याआधी फॅमिली कोर्टाकडून वैवाहिक स्थिती जाहीर करून घेता येते. निकालाची साधी झेरॉक्स पुरत नाही, प्रमाणित प्रत लागते.

मुलांच्या ताब्याचं काय?

इथे कसोटी वेगळी आहे. पळवून नेलेली मुलं परत पाठवण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. परदेशी कोर्टाचा आदेश भारतातलं कोर्ट विचारात घेतं, पण तो फक्त एक मुद्दा असतो. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येही हेच सांगितलं: शेवटी पाहायचं ते मुलाचं हित.