व्हिडिओ टाकण्याआधी त्यातला झगमगाट मोजून घ्या



स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सव असो की घरचे लग्न, लालबर्‍यात कार्यक्रमाचा व्हिडिओ आता मोबाईलवरच जोडला जातो. गाण्याच्या ठेक्यावर पांढरा फ्लॅश आणि भराभर बदलणारी दृश्ये घालण्याची हौसही वाढली आहे. काही जणांच्या मेंदूला हा झगमगाट सोसत नाही आणि त्यांना मिरगीचा झटका येतो. मिरगीच्या शंभर रुग्णांत साधारण तिघांना हा त्रास असतो, आणि त्यात शाळकरी व किशोरवयीन मुले जास्त. अनेकदा पहिला झटका येईपर्यंत घरात कुणालाच याचा पत्ता नसतो. म्हणून ‘ज्यांना त्रास आहे त्यांनी पाहू नये’ अशी सूचना सुरुवातीला टाकून भागत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण जपानचे आहे. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी ‘पोकेमॉन’ या कार्टूनच्या एका भागात स्फोटाच्या दृश्यात पूर्ण पडदा सेकंदाला सुमारे बारा वेळा लाल-निळा होत राहिला. हे जेमतेम चार-पाच सेकंद चालले, पण सहाशेहून अधिक प्रेक्षकांना दवाखान्यात न्यावे लागले. त्यात बहुतेक मुलेच होती आणि बर्‍याच जणांना आधी कधीही झटका आलेला नव्हता. लाल आणि निळा रंग उजेडाला फारसे वेगळे नसूनही हे घडले, कारण गडद लाल रंगाची उघडझाप स्वतःच धोक्याची असते. व्हिडिओ कृष्णधवल करून तपासणार्‍याला ही गोष्ट दिसणारच नाही.

सर्वत्र मानला जाणारा नियम असा: कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत. अंधार, उजेड आणि पुन्हा अंधार, हा एक फ्लॅश. ठळक फरकाचे हे फ्लॅश पडद्याच्या पाव भागाहून मोठ्या जागेत होत असतील तर नियम लागू होतो. कोपर्‍यातल्या दिव्यांच्या माळेची चिंता नको. भराभर कटही याच हिशेबात येतात. उजळ मंच, काळोखातले प्रेक्षक, पुन्हा उजळ मंच, हाही एक फ्लॅशच झाला. मात्र सारख्याच उजेडाची दोन दृश्ये, त्यांत गडद लाल नसेल तर, कितीही भराभर बदलली तरी ती यात धरली जात नाहीत. डोळे शिणतील, एवढेच.

आता मोजायचे कसे? संगणकावर `VLC` मध्ये व्हिडिओ उघडा. `Ctrl+J` दाबले की सेकंदाला किती फ्रेम आहेत ते कळते, बहुधा २५ किंवा ३०. संशयाच्या जागी थांबवून `E` दाबत गेलात की एकेक फ्रेम पुढे सरकते. असे पाहिले की चालत्या चित्राचा झगमगाट डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे तपासणार्‍यालाही ते बरे. तरीही घरात ज्याला मिरगी आहे त्याच्याकडे हे काम देऊ नये.

समजा, नाचाच्या व्हिडिओत २५ फ्रेम आहेत आणि एका जागी दोन फ्रेम पांढर्‍या, दोन काळ्या असे चालले आहे. एका फ्लॅशला चार फ्रेम, म्हणजे सेकंदाला सहा फ्लॅश: मर्यादेच्या दुप्पट. ते तीनच्या आत आणायचे तर एका फ्लॅशला किमान नऊ फ्रेम हव्यात. ठेक्याचा हिशेब तर तोंडीच होतो. मिनिटाला १२० ठोके म्हणजे सेकंदाला दोन. दर ठोक्याला एक फ्लॅश चालेल, दोन घातले की चार झाले आणि व्हिडिओ बाद. मोजताना घड्याळाचा सेकंद धरू नका, कुठूनही सुरू होणार्‍या सलग २५ फ्रेम धरा. आम्ही बँकेत आयुष्यभर बेरजा केल्या. ही त्यातली सोपी आहे.

जास्त भरले तर व्हिडिओ टाकून द्यायची गरज नाही. अर्धे फ्लॅश काढा, किंवा दोन दृश्ये हळूहळू एकमेकांत मिसळू द्या. इफेक्ट इतका फिका करा की उजेड-अंधारातला फरक जेमतेम जाणवेल. लाल फ्लॅश तर सरळ काढूनच टाकावा. मंचावरचे स्ट्रोब दिवे मुळातच चित्रित झाले असतील तर तेवढा तुकडा कापावा किंवा त्या जागी स्थिर छायाचित्र ठेवावे. लहान मोबाईलवर निभावलेला व्हिडिओ सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर पुढच्या रांगेतल्या मुलांना बाधू शकतो, कारण तिथे त्यांची सारी नजर पडद्यानेच व्यापलेली असते.

पाहताना कुणाला अस्वस्थ वाटू लागले तर नुसते डोळे मिटू नयेत. पापण्यांतूनही उजेड आत जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. झटका आलाच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन लावा.