पुतळा आणि घर : अ‍ॅरिस्टॉटलच्या कारणविचारातील दोन उदाहरणे

ग्रीक तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकविताना अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणे बहुधा एका पुतळ्याच्या आधारे समजावून सांगितली जातात. ब्राँझ हे पुतळ्याचे उपादानकारण, त्याला आलेली आकृती हे स्वरूपकारण, शिल्पकार हे निमित्तकारण आणि ज्यासाठी पुतळा घडविला ते प्रयोजनकारण, अशी ही मांडणी आहे. ती सुटसुटीत आहे व स्मरणात राहण्यासही सोपी आहे. मात्र अ‍ॅरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) कारणांचे जे मूळ विवेचन केले, त्यात ती या रूपाने आढळत नाही. पुतळ्याचा उल्लेख तेथे आहे खरा. परंतु त्याची चारही कारणे तेथे मोजलेली नाहीत. चारही कारणे एकाच वस्तूच्या ठायी दाखविली आहेत ती घराच्या उदाहरणात. हा भेद केवळ ग्रंथपाठाच्या बारकाव्याचा नव्हे. चौथ्या कारणाचा अर्थ काय समजावयाचा, हा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

प्रथम 'कारण' या शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द 'आयतिया' असा आहे. ग्रीक व्यवहारात त्याचा संबंध दोषाशी, आरोपाशी आणि जबाबदारीशी होता. एखादी गोष्ट घडली तर तिचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हे त्या शब्दाने विचारले जाई. म्हणून आयतिया म्हणजे 'का?' या प्रश्नाला दिलेले उत्तर होय. कार्याच्या आधी घडलेली घटना एवढाच त्याचा अर्थ नाही. मराठीत रूढ झालेले 'उपादान' व 'निमित्त' हे शब्द भारतीय दर्शनांतून आलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर घट, मृत्तिका व कुंभार हे चित्रही आपोआप येते. न्याय-वैशेषिकांनी समवायी, असमवायी व निमित्त अशी तीन कारणे मानली. प्रयोजनाला त्यांत स्वतंत्र स्थान दिले नाही. तेव्हा हे शब्द सोयीसाठी वापरताना दोन्ही विभागण्या एकच आहेत असा समज होऊ देता कामा नये.

'फिजिक्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातील तिसऱ्या प्रकरणात चार कारणांची प्रसिद्ध गणना येते. जवळजवळ त्याच शब्दांत ती 'मेटाफिजिक्स'च्या पाचव्या पुस्तकातही आहे. तेथील उदाहरणे पाहिली असता एक गोष्ट तात्काळ लक्षात येते : प्रत्येक कारणासाठी निराळी वस्तू घेतलेली आहे. ज्यातून वस्तू होते त्याचे उदाहरण पुतळ्याचे ब्राँझ व वाटीचे रुपे. स्वरूपाचे उदाहरण संगीतातील सप्तकाच्या अंतराचे दोनास एक हे प्रमाण. गतीचा आरंभ जेथून होतो त्याची उदाहरणे सल्ला देणारा मनुष्य व अपत्याचा पिता. आणि ज्याच्यासाठी एखादी गोष्ट असते त्याचे उदाहरण आरोग्य, कारण मनुष्य आरोग्यासाठी फिरावयास जातो. चारही कारणांचा भार एका पुतळ्यावर टाकण्याचा हेतू येथे दिसत नाही.

याच प्रकरणात थोडे पुढे पुतळा पुन्हा येतो. एकाच वस्तूला अनेक कारणे असू शकतात, हे सांगण्यासाठी अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की शिल्पकला आणि ब्राँझ ही दोन्ही पुतळ्याची कारणे आहेत. एक गतीचा उगम म्हणून व दुसरे द्रव्य म्हणून. येथे दोनच कारणे सांगितली आहेत. शिवाय गतीचा उगम म्हणून त्याने प्रथम शिल्पकाराचे नव्हे, तर शिल्पकलेचे नाव घेतले आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे तो इ. स. पू. पाचव्या शतकातील विख्यात शिल्पकार पॉलिक्लीटस याचा उल्लेख करतो आणि त्याला केवळ आनुषंगिक कारण ठरवितो. पुतळा शिल्पकाराने केला. तो शिल्पकार पॉलिक्लीटस या नावाचा होता, हा योगायोग होय. त्याचे नाव, त्याचा वर्ण किंवा त्याचे कुळ यांवरून पुतळा का झाला याचा उलगडा होत नाही. उलगडा होतो तो त्याच्या ठिकाणी असलेल्या कलेमुळे. हीच गोष्ट तो घरासंबंधीही सांगतो : मनुष्य घर बांधतो तो गवंडी असल्यामुळे, आणि गवंडी बांधतो तो बांधकामाच्या कलेच्या बळावर; म्हणून ती कला हे अधिक मूलगामी कारण ठरते.

घराची चारही कारणे एकत्र सांगितली आहेत ती 'मेटाफिजिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकात. सर्व कारणांचा विचार एकाच शास्त्राने करावा की निरनिराळ्या शास्त्रांनी, असा प्रश्न तेथे चालू आहे. एकाच वस्तूला सर्व प्रकारची कारणे असू शकतात हे दाखविण्यासाठी घर पुढे केले आहे. गतीचा उगम म्हणजे कला व बांधणारा. द्रव्य म्हणजे माती व दगड. स्वरूप म्हणजे घराची व्याख्या. आणि साध्य म्हणजे घराचे कार्य. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. साध्य म्हणून बांधणाऱ्याचा हेतू सांगितलेला नाही; घर जे काम करते ते सांगितले आहे. ते काम कोणते, याचे उत्तर त्याच्या इतर ग्रंथांत मिळते : वारा, पाऊस व ऊन यांपासून माणसांचे आणि चीजवस्तूंचे रक्षण करणे.

या विचाराची खरी कसोटी 'फिजिक्स'च्या दुसऱ्या पुस्तकातील नवव्या प्रकरणात लागते. वस्तू द्रव्याच्या स्वभावामुळे अपरिहार्यपणे होतात, असे मानणाऱ्यांचे मत अ‍ॅरिस्टॉटल भिंतीच्या दृष्टांताने मांडतो. जड पदार्थ खाली जातात व हलके वर राहतात. म्हणून दगड पायात गेले, माती त्यांच्यावर आली आणि लाकूड सर्वांत हलके म्हणून माथ्यावर राहिले, असे कोणी म्हणावे, तसे ते मत आहे. या पदार्थांवाचून भिंत होत नाही हे अ‍ॅरिस्टॉटलला मान्य आहे. त्यांच्यामुळेच ती झाली हे मान्य नाही. आडोसा व रक्षण हवे असेल तर असे पदार्थ असलेच पाहिजेत, एवढीच ती अपरिहार्यता आहे. तिचा उगम साध्यात आहे. द्रव्य ती अट म्हणून पुरी करते. याच अर्थाने तो करवतीचे उदाहरण देतो : कापण्याचे काम व्हावयाचे तर करवत लोखंडाचीच हवी.

भिंतीचा हा दृष्टांत काल्पनिक वाटला तरी तो तत्कालीन घराचे यथार्थ वर्णन आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या जन्मगावाच्याच, म्हणजे कॅल्सिडिसीच्या प्रदेशात ऑलिंथस हे नगर होते. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने ते इ. स. पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. १९२८ ते १९३८ या काळात डेव्हिड रॉबिन्सन यांनी तेथे केलेल्या उत्खननांत घरांच्या रांगाच उघडकीस आल्या. खाली दगडांचा पाया, त्यावर उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांची भिंत, वर लाकडाचा सांगाडा व कौले, अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. दगड, माती, लाकूड हा क्रम अ‍ॅरिस्टॉटलच्या दृष्टांतातलाच आहे. परंतु दगड खाली का, याचे उत्तर जडपणा हे नाही. कच्ची वीट ओलाव्याने विरघळते. जमिनीतील ओल व पावसाचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून तिच्याखाली दगड हवा. जडपणाचे मत छपराशी तर सरळच अडते, कारण भाजलेली जड कौले हलक्या लाकडाच्याही वर बसविलेली असतात. ती तेथे आहेत ती पाऊस अडविण्यासाठी. ओल व कौले यांचा हा युक्तिवाद अ‍ॅरिस्टॉटलने केलेला नाही. पण त्याच्या सिद्धांताला तो पूर्णपणे अनुसरतो.

घराच्या कार्यावरून त्याची रचना ठरते, हा विचार अ‍ॅरिस्टॉटलपूर्वीही ग्रीकांना परिचित होता. झेनोफनच्या 'मेमोराबिलिया'त सॉक्रेटिस असे दाखवितो की घराचे तोंड दक्षिणेस असावे. म्हणजे हिवाळ्यात खाली कललेल्या सूर्याचे ऊन ओसरीत शिरते व उन्हाळ्यात डोक्यावर आलेल्या सूर्यापासून सावली मिळते. ऑलिंथसच्या अनेक घरांत ओसरी अशीच चौकाच्या उत्तर बाजूस, दक्षिणेकडे तोंड करून बांधलेली आढळली. ती दक्षिणाभिमुख का, या प्रश्नाला मालकाच्या मनात काय होते हे न विचारताही उत्तर देता येते.

पुतळ्याच्या बाबतीत हे तितके सहज होत नाही. पुतळा कोणते कार्य करतो, हे विटेच्या भिंतीसारखे उघड नसते. म्हणून चारही कारणे पुतळ्यावर मोजण्याचा प्रयत्न पुढे झाला, तेव्हा चौथी जागा बाहेरून भरावी लागली. रोमन लेखक सेनेका याने आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, इ. स. ६२ ते ६५ च्या सुमारास, ल्यूसिलियसला लिहिलेल्या पत्रांपैकी पासष्टाव्या पत्रात हे स्पष्ट दिसते. द्रव्य ब्राँझ, कर्ता शिल्पकार, आकृती 'डोरिफोरस'सारखी, असे सांगून चौथे कारण म्हणून तो कर्त्याला कामाकडे ओढणारी गोष्ट देतो : विक्रीसाठी काम केले असेल तर पैसा, नावासाठी केले असेल तर कीर्ती, मंदिराला अर्पण करावयाचे असेल तर धर्मभाव. इ. स. २०० च्या सुमारास अ‍ॅफ्रोडिसियासच्या अलेक्झांडरनेही नियतीवरील आपल्या ग्रंथात पुतळ्याचीच चार कारणे दिली आणि साध्य म्हणून एखाद्याचा सन्मान किंवा देवांविषयीची भक्ती सांगितली. प्रचलित पाठ्यपुस्तकी मांडणीचा आकार या परंपरेशी जुळतो.

या बदलाने काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. सेनेकाने सांगितलेले तिन्ही हेतू एकाच पुतळ्याला लागू पडू शकतात आणि त्यांतील कोणताही बदलला तरी पुतळ्यात तिळमात्र फरक पडत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांचे स्थान पॉलिक्लीटस या नावासारखे आनुषंगिक ठरेल. घराचे कार्य मात्र बदलले तर त्याची व्याख्या बदलते, आणि व्याख्या बदलली की लागणारे द्रव्यही बदलते. साध्य म्हणजे कर्त्याचा हेतू असे एकदा ठरले, की निसर्गातील साध्याविषयी बोलणे म्हणजे झाडाला अथवा दाताला हेतू चिकटविणे, असे वाटू लागते. अ‍ॅरिस्टॉटलने या आक्षेपाचे उत्तर आधीच दिले होते : विचारविनिमय करणारा दिसत नाही म्हणून साध्य नाही असे मानणे चूक आहे, कारण कलाही विचारविनिमय करीत नाही.

प्रत्येक गोष्टीला चारही कारणे असतात असाही त्याचा आग्रह नव्हता. चंद्रग्रहणाविषयी 'मेटाफिजिक्स'च्या आठव्या पुस्तकात तो म्हणतो की पृथ्वी मध्ये येणे हे त्याचे गतिकारण आहे; पण त्याला साध्य बहुधा नसावे. जो प्रश्न लागू पडत नाही तो सोडून द्यावा, ही मोकळीक या मांडणीत मुळापासून आहे. पुतळ्याची चौथी जागा कशाने तरी भरलीच पाहिजे, या समजुतीने ती हरवली. म्हणून द्रव्य व कर्ता यांतील भेद समजावून देण्यास पुतळा पुरेसा आहे. साध्य समजावून द्यावयाचे असेल तेव्हा मात्र, अ‍ॅरिस्टॉटलप्रमाणेच, घराकडे वळणे युक्त होय.